निवळल्यावर की निवल्यावर

मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला एसटीत उभं राहावं लागत नाही. मी रत्नागिरीच्या स्टँडवर गाडीत चढलो, की शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची आणि पुढच्या थांब्यापर्यंत मागचीही. अंघोळ, अत्तर, लिंबू, सगळं करून झालं होतं. शेवटी मी ती आपली प्रतिष्ठा आहे असं समजून घेतलं. दुसरी काही प्रतिष्ठा नव्हतीच.

शतक बदलत होतं त्या सुमाराची गोष्ट. बाजारात कोणी न घेतलेली बारीक मासळी आमच्याकडे यायची. ती शिजवायची, दाबून पाणी आणि तेल काढायचं, सुकवायची, दळायची. ती भुकटी कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जायची. घेणारा एकच प्रश्न विचारायचा : प्रोटीन किती? त्याचं उत्तर माझ्या प्रयोगशाळेतून निघायचं. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरच्या मागची एक खोली, आणि माणसं दोन. केमिस्ट म्हणून मी आणि सहायक म्हणून भाभी.

भाभी माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. नवरा कुवेतला, मुलगी बारावीला, घर बंदराजवळ. सगळा कारखाना त्यांना भाभीच म्हणायचा. शाळा उर्दूतली, त्यामुळे मराठी बोलायच्या आमच्यासारखंच, पण वाचताना एकेक अक्षर बोटाने दाबून वाचायच्या, जसं काही ते निसटून जाईल. मला त्याची गंमत वाटायची. मी एका नजरेत अख्खी ओळ वाचायचो. या गोष्टीत त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

भुकटीतला ओलावा, राख, मीठ या तपासण्या भाभी करायच्या. प्रोटीनची मी. ती जरा धोक्याची. ग्रॅमभर भुकटी लांब मानेच्या फ्लास्कमध्ये घ्यायची, त्यात उत्प्रेरकाची पूड आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात ते उकळत ठेवायचं. आधी ते काळंकुट्ट होतं, फेसाळतं, मग तपकिरी, आणि तासा-दोन तासांनी हिरवट-निळसर होऊन आरपार दिसायला लागतं. त्यानंतर आणखी अर्धा तास उकळायचं. मग ते पूर्ण थंड करायचं आणि थोडं थोडं करून त्यात पाणी घालायचं. पुढे त्यात कॉस्टिक सोडा घालून अमोनिया उडवायचा, तो दुसऱ्या भांड्यातल्या ॲसिडात पकडायचा आणि मोजायचा; जितका अमोनिया, तितकं प्रोटीन. मी हे इतक्या वेळा केलं होतं, की माझे हात ते करत असताना डोकं मिरकरवाड्याला बांगडा काय भावाने आहे याचा विचार करत असे.

एक दिवस मॅनेजर खोलीत आले. मॅनेजर कोल्हापूरकडचे, बी.कॉम., आवाज कुस्तीच्या मैदानातला.

"केमिस्टसाहेब, परदेशातली पार्टी येणार हाय तपासणीला. प्रत्येक टेस्ट कशी करता ते लिहून भिंतीवर पायजे. आणि जो करतो त्याला वाचता येईल अशा भाषेत. मराठीत लिवा. दोन पानांत बसवा."

मला मराठीत लिहायला सांगणं ही त्यांची चूक. कॉलेजच्या वार्षिकात माझा एक ललित लेख छापून आला होता आणि त्यानंतर कोणी मला काही लिहायला सांगितलंच नव्हतं. इतक्या वर्षांची तुंबलेली प्रतिभा मी त्या दोन पानांत मोकळी केली. वाक्यं अजून पाठ आहेत, कारण त्यांनी मला पुढे झोपू दिलं नाही : "प्रथमतः कृष्णवर्ण धारण करणारे हे मिश्रण उष्णतेच्या सान्निध्यात क्रमाक्रमाने आपली मलिनता टाकून देते." आकडे, पायऱ्या वगैरे रुक्ष प्रकार मी ठेवले नाहीत. एक अखंड परिच्छेद. धोक्याच्या सूचना शेवटी, पान उलटल्यावर, कारण लेखाच्या मध्येच 'सावधान' लिहिलं की लय मोडते. स्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याकडून तो कॉम्प्युटरवर टाइप करून घेतला, खाली सही ठोकली आणि भिंतीवर अडकवला. येता-जाता मी तो वाचायचो. आपलं लिखाण चौकटीत, काचेमागे. काय सांगू.

भाभींनी एकदा बोट लावून दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, "हे सान्निध्य म्हंजे काय, साहेब?"

"जवळ."

"मग जवळ लिवायला शाई कमी व्हती?"

मी हसलो. मला वाटलं, त्या अडाणी आहेत.

पंधरा दिवसांनी आंजर्ल्याला आतेभावाचं लग्न निघालं. दोन दिवसांची रजा टाकली. एका मालाचा प्रोटीनचा रिपोर्ट त्याच आठवड्यात हवा होता. मी भाभींना म्हटलं, "तुम्ही करून टाका. इतकी वर्षं बघताय की. आणि अडलात तर भिंतीवर सगळं लिहिलंय. जे लिहिलंय ते करायचं, बाकी काही डोकं चालवायचं नाही."

हे शेवटचं वाक्य मी खरोखर बोललो. पुढे चौकशीत भाभींनी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

आंजर्ल्याहून परत आलो तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. कपाटाच्या काचेवर आतून पांढरट ओघळ, तळाशी फ्लास्कचे तुकडे, आणि नळाखाली भाभींचा एक हातमोजा. बॉयलरवाल्याने सांगितलं, काल दुपारी धडाम झालं. फ्लास्कमधून गरम ॲसिड उसळलं. कपाटाचा सरकता काचेचा पडदा भाभींनी हात जाईल एवढीच फट ठेवून खाली ओढलेला होता, कारण त्यांना तो वास सोसत नसे, म्हणून तोंड वाचलं. पण खालच्या फटीतून आत घातलेल्या उजव्या हातावर, मोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथे, शिंतोडे उडाले. त्यांनी हात नळाखाली धरला तो वीस मिनिटं काढलाच नाही. डॉक्टर म्हणाला, त्यानेच हात वाचला.

मला पहिला विचार काय सुचला ते लिहितो, कारण खोटं लिहायचं तर मग आठवणी कशाला. मला वाटलं, बरं झालं, मी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी आपल्या केबिनमध्ये बोलावलं. भाभी हाताला पट्टी बांधून आधीच बसल्या होत्या. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. "मी लेखी प्रक्रिया न वाचता काम केल्यामुळे अपघात झाला" असा माफीनामा, आणि त्याच्या शेवटी स्वखुशीने काम सोडत असल्याची एक ओळ. सहीची जागा रिकामी.

"पार्टी येत्या सोमवारी येणार," मॅनेजर म्हणाले. "अपघात का झाला विचारतील. मी काय सांगू? प्रोशिजर हाय, पण बाईनं पाळली नाही. बाई गेली, विषय संपला. बाई, मला तुमच्याबद्दल काय राग नाही, पण सही करा."

भाभी म्हणाल्या, "मी लिवल्याबरहुकूम केलां. साहेबच बोललेले, 'जे लिहिलंय ते करायचं, बाकी काही डोकं चालवायचं नाही.'"

"लिवल्याबरहुकूम? गरम ॲसिडात पाणी घाला असं लिवलंय?"

"होय."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला आठ्या घातल्या, विद्वानासारख्या. "शक्यच नाही. उलट शेवटी स्पष्ट सूचना आहे, 'गरम ॲसिडात पाणी घालू नये'. क्रमांक एक."

"ती मागल्या पानावर," भाभी म्हणाल्या. "चौकट भिंतीला. मागलां पान भिंतीकडं तोंड करून. मी काय भिंतीच्या आतून वाचू?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या सगळ्या धोक्याच्या सूचना गेले पंधरा दिवस फक्त भिंत वाचत होती.

"ते असू दे," मी घाईने म्हणालो. "पण मुख्य वाक्य स्पष्ट आहे."

चौकट आणवली. मॅनेजरांनी वाचलं, खड्या आवाजात : "मिश्रण निवळल्यावर अर्धी घटका... हे अर्धी घटका काय आणि?"

"अर्धा तास. लालित्य म्हणून."

घटका म्हणजे चोवीस मिनिटं, अर्धी म्हणजे बारा, तेव्हा तेही चुकलेलंच. पण त्या वेळी कोणी पकडलं नाही. मॅनेजर पुढे वाचत होते : "अर्धी घटका अधिक उकळू द्यावे, आणि निवल्यावर त्यात दोनशे मिली पाणी घालावे. बघा बाई. निवल्यावर. म्हंजे गार झाल्यावर."

मीही डोकावून वाचलं. "निवल्यावर. बरोबर."

भाभींनी पट्टीचा हात पुढे केला आणि पट्टीबाहेर आलेलं बोट ओळीवर ठेवलं. "नि. व. ळ. ल्या. वर." बोट 'ळ'वर थांबलं. "आता तुमी वाचा."

मॅनेजरांनी पुन्हा वाचलं आणि पुन्हा 'निवल्यावर' वाचलं. मी दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं. 'ळ' तिथे होता. निर्लज्जासारखा दोन पाय फाकून बसला होता. दोन्ही ठिकाणी निवळल्यावर. निवळल्यावर अर्धा तास उकळा आणि निवळल्यावर पाणी घाला.

"भात निवतो," भाभी मला लहान पोराला सांगावं तसं सांगत होत्या, "आणि गढूळ पाणी निवळतां. आमच्यात पण असांच म्हणतात. ते निवळला, मी अर्धा तास उकळला, तरी निवळलेलाच व्हता, आरपार. मग पाणी घातलां. कसां चुकलां?"

काहीच चुकलं नव्हतं. तर्क माझ्यापेक्षा बरा होता. मी गोंधळलो, आणि गोंधळलेला माणूस पहिला करतो तेच केलं : दुसऱ्याचं नाव घेतलं.

"टायपिंगवाला!" मी ओरडलो. "मी निवल्यावरच लिहिलं होतं. त्याला वाटलं शुद्धलेखनाची चूक, त्यानं ळ घातला!"

मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. "मग तुमचा हातानं लिवलेला कागद आणा. त्याच्यात ळ नसला तर बाईची चूक नाही, टायपिंगवाल्याची. मी पार्टीला तसं सांगतो. असला तर..." ते थांबले. असला तर काय हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. केमिस्ट एकच होता. "आणा आधी."

भाभी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पोरीची परीक्षा हाय फेब्रुवारीत. कुवेतवरनं ड्राफ्ट येतो तो कधी येतो, कधी नाय. ही नोकरी हाय म्हणून मी रात्रीची झोपते. तो कागद नीट बघून आणा, बाबा." 'साहेब'चा 'बाबा' झाला होता. ते चांगलं लक्षण होतं की वाईट, कळेना.

टायपिंगवाला व्यवस्थित माणूस निघाला. माझ्या दुर्दैवाने सगळे हस्तलिखित कागद तारेला टोचून ठेवायचा. कीर्तनाच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, आणि त्याखाली माझं ललित. त्याने धूळ झटकून माझ्या हातात दिलं.

मी आत्मविश्वासाने ओळीवर गेलो. माझ्या स्वतःच्या, वार्षिकात छापून आलेल्या लेखकाच्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : निवळल्यावर. ळ असा ठळक, की लिहिताना पेन दाबलेलं दिसत होतं.

"काय झालं? चुकलं का माझं काही?" तो विचारत होता. "मला वाटलं होतं हो तेव्हाच, हे दोनदा निवळणं काय. पण म्हटलं, साहेब सायन्सवाले, त्यांच्यात निवळत असेल दोनदा."

म्हणजे चूक त्याच्या लक्षात आली होती. त्याने माझ्या विद्वत्तेचा मान राखला होता.

मी स्टँडवर गेलो, बाकावर बसलो आणि बटाटावडा मागवला. कागद खिशात होता. गोंधळ असा, की मला आठवत होतं मी 'निवल्यावर' लिहिलं होतं. शाईचा वास, खिडकी, सगळं आठवत होतं. आठवण खरी की कागद खरा? मी तीनदा कागद काढून बघितला, मधल्या काळात ळ गेला असेल तर. गेला नव्हता. मग दुसरं मन म्हणालं, वड्याचा कागदही तेलकट, हाही तेलकट होईल, चुकून कचऱ्यात जाईल, कोणाला कळतंय? टायपिंगवाल्याचं कोण ऐकतंय? मी वडा संपवला. कागद तेलकट झाला, पण ळ काही पुसला गेला नाही. शाई चांगल्या कंपनीची होती.

परत गेलो आणि मॅनेजरांच्या टेबलावर कागद ठेवला. "माझंच अक्षर आहे," म्हणालो. "ळ माझा."

मॅनेजरांनी कागदावरच्या तेलाच्या डागावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "वडा खाल्ला काय?"

"होय."

"तरी आणलात." त्यांनी माफीनामा घडी करून शर्टाच्या खिशात टाकला. "ऐका. सोमवारच्या आत नवीन लिवा. मी कॉमर्सवाला. ते वाचून मला ही टेस्ट करता आली पायजे, कोणालाही काय न विचारता. आली, तर पार्टीला सांगतो प्रोशिजर चुकली होती, आता दुरुस्त केली, बाई कामावर हायत. नाय आली, तर मग हा कागद हायच माझ्या खिशात."

म्हणजे भाभींची नोकरी पुन्हा माझ्या मराठीवर येऊन बसली. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "या अल्ला."

मी पहिला खर्डा आणला. आकडे घातले होते, एक ते नऊ. भाभी म्हणाल्या, "असां नको. मी वाचते, तुमी करा. मी वाचीन तेवढांच करायचां. आपली अक्कल वापरलीत, तर तुमी नापास."

ॲसिडवाल्या भागाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. "ते मागनं. आधी शेवटचा भाग, अमोनिया उडवायचा. त्यात जरा जीव तरी वाचंल." फ्लास्कमध्ये नुसतं पाणी घेतलं, उतरत्या नळीचं टोक पलीकडच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवलं, आणि सुरू केलं.

"आठ," भाभी वाचू लागल्या. "बत्ती बंद करावी."

मी बर्नरची बत्ती बंद केली.

"तत्पूर्वी नळीचे टोक भांड्यातून बाहेर काढावे."

तोपर्यंत फ्लास्क निवायला... गार व्हायला लागला होता, आतली वाफ आकसली होती आणि भांड्यातलं पाणी गुरगुरत नळीतून उलटं वर चढत होतं. मी धावलो, भांडं खाली ओढलं, अर्धं पाणी माझ्या चपलेत.

"तत्पूर्वी म्हंजे काय?" भाभींनी शांतपणे विचारलं.

"त्याच्या आधी."

"मग आधी लिवा की ओ! पाण्यात पडल्यावर सांगताय, तत्पूर्वी पोहायला शिकावे."

चप्पल काढून मी पाणी ओतलं आणि तिथेच बसून त्या पायरीच्या दोन केल्या. आठ : नळीचं टोक भांड्यातून बाहेर काढा. नऊ : मग बत्ती बंद करा. इतकं सोपं. मला लाज वाटली आणि जरासं वाईटही वाटलं, कारण 'तत्पूर्वी' मला आवडायचा.

पुढचे चार दिवस तोच खेळ. "फ्लास्क घ्यावा." भाभी तिथेच अडायच्या. "कुठला? पाच हायत." "पुरेसे ॲसिड घालावे." "कोणाला पुरेसां?" पंचवीस मिली लिहिलं. "काळजीपूर्वक हाताळावे." "काळजी दाखवा मना. कुठं ठेवलीय काळजी?" ती ओळ खोडून 'चष्मा लावा, लांब मोजे घाला, काचेचा पडदा कोपरापर्यंत खाली ओढा' असं लिहिलं आणि ते पहिल्याच आकड्यावर आणलं, कारण आधीच्या खर्ड्यात चष्मा सहाव्या पायरीवर होता आणि ॲसिड चौथ्या. 'कॉस्टिक मिसळून लगेच जोडणी करावी' याचे तीन तुकडे झाले : कॉस्टिक फ्लास्कच्या कडेने सावकाश सोडा, म्हणजे ते खाली थर धरून बसेल. फ्लास्क हलवू नका, नळीला जोडा. जोडणी घट्ट आहे हे बघितल्यावरच हलवा. नाहीतर अमोनिया खोलीत आणि प्रोटीन कमी. एक पायरी, एक काम. मी दोन कामं एका वाक्यात घातली, की भाभी क्रिकेटच्या पंचासारख्या बोट वर करायच्या, एक नाही, दोन.

आणि ती ओळ. मी लिहिलं, 'मिश्रण थंड झाल्यावर'. भाभींना पसंत नव्हतं. "थंड किती? तुमचां थंड नि माझां थंड एक हाय काय?" शेवटी ठरलं : बत्ती बंद केल्याची वेळ लिहा. पाऊण तास हात लावू नका. मग मोजा घालून फ्लास्कच्या पोटाला हात लावा. ऊब लागली तर आणखी पंधरा मिनिटं थांबा.

या थांबण्यातही गोंधळ झाला. मी स्वतः करून पाहिलं तेव्हा भीतीने दोन तास थांबलो आणि आतलं सगळं पांढरं ढेकूळ होऊन बसलं. आधी गरम म्हणून घाबरलो, आता गार म्हणून. भाभी म्हणाल्या, "लिवा तेपण. गोठला तर काय करायचां." लिहिलं : तळाशी पांढरं गोठलेलं दिसलं तर खरवडू नका, पुन्हा तापवू नका. तसंच थोडं थोडं पाणी घालून हलवत राहा, विरघळतं.

उरली सूचना. मी ती पायरीच्या खाली चौकटीत घातली होती. भाभींनी कागद माझ्यासमोर धरला, वरचा भाग उघडा, खालचा तळहाताने झाकलेला. "मी इथवर वाचलाय. 'पाणी घाला.' हात गेला बाटलीकडं. आता तुमची सूचना कुठं हाय?"

"हाताखाली."

"हाताखालीच. आणि त्या दिवशी माझ्या हातावर व्हती."

चौकट पायरीच्या वर गेली. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. 'निवणे' आणि 'निवळणे' हे दोन्ही शब्द त्या दिवसापासून आमच्या खोलीत बंद झाले.

रविवारी मॅनेजर आले, बाह्या वर सारून. भाभी दाराशी, मी खिडकीशी. दोघांनीही तोंड उघडायचं नाही अशी अट. त्यांनी वाचत वाचत चष्मा लावला, मोजे घातले, भुकटी तोलली. कुस्तीगिराच्या हातात पंचवीस मिलीचं मोजपात्र फार लहान दिसत होतं. उकळी आली, फेस आला, त्यांनी पायरीप्रमाणे आच कमी केली. काळं झालं. तपकिरी झालं. दीड-पावणेदोन तास ते तिथे स्टुलावर बसून राहिले. मग हिरवट-निळं, काचेसारखं. अर्धा तास आणखी. बत्ती बंद.

त्यांनी फ्लास्ककडे पाहिलं. वाळवंटातल्या विहिरीसारखं स्वच्छ दिसत होतं. ते म्हणाले, "झालं की हे! मस्त साफ झालं." आणि पाण्याचं भांडं उचललं.

भाभींची पट्टी काढलेली होती, त्या जागी गुलाबी कातडी होती, आणि तो हात दुसऱ्या हाताने घट्ट धरलेला. अट होती. बोललो तर नापास, न बोललो तर... मी श्वास घेतला. ओरडायचंच ठरवलं होतं, देवाशप्पथ. पण तेवढ्यात मॅनेजरांची नजर सवयीने कागदावर पुढची ओळ शोधायला गेली आणि त्या चौकटीवर अडकली. ठळक अक्षरं :

थांबा. आरपार दिसलं म्हणजे गार झालं असं नाही. गरम ॲसिडात पाणी पडलं तर ते तोंडावर उडतं. आधी खालच्या तीन पायऱ्या. पाणी त्यानंतर.

त्यांनी भांडं हळूच खाली ठेवलं. पुन्हा फ्लास्ककडे पाहिलं, मग भाभींच्या हाताकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग पुढची पायरी वाचली. "'बत्ती बंद केल्याची वेळ लिहा.' बरं." इकडेतिकडे बघितलं. "कुठं लिवू?"

मी भिंतीकडे पाहिलं. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस, इतके खर्डे, आणि कुठे लिहायची ते कोणीच लिहिलं नव्हतं. माझा नापासाचा शिक्का तयार होता. तोंड उघडता येत नव्हतं.

मॅनेजरांनी कागदासाठी खिसे चाचपले. शर्टाच्या खिशातून घडी निघाली. त्यांनी ती उलगडली, टाइप केलेला माफीनामा आणि खालची सहीची रिकामी जागा क्षणभर बघितली. मग कागद उलटा केला, काचेवर टेकवला आणि कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलं : बंद केली, एक वाजून दहा.

आणि स्टुलावर बसले. पाऊण तास.

भाभी पुढे झाल्या. काचेच्या कपाटाशेजारी एक खिळा होता, त्याला तो कागद टोचला, वेळ लिहिलेली बाजू वर करून. मग माझ्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं आणि प्रोसिजरच्या त्या पायरीपुढे, एकेक अक्षर दाबून, लिहिलं : खिळ्याच्या कागदावर.

"आता निवेपर्यंत चहा घ्या," मॅनेजरांना त्या म्हणाल्या, आणि मग आपणच दचकून जीभ चावली.